जोडीदाराकडे लक्ष कसं मागायचं? आरोप न करता भावना आणि गरज सांगण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोडप्यांशी बोलताना एक तक्रार मला सतत ऐकू येते. घरात मारहाण नाही, व्यसन नाही, पैशांची फार ओढाताण नाही, तरी "तो माझ्याशी बोलतच नाही" किंवा "ती मुलात आणि कामात इतकी बुडालेली असते की मी घरात आहे हेही तिच्या लक्षात नसतं." हे लक्ष मागायला गेलं की भांडण होतं आणि नाही मागितलं की घुसमट. खालचे प्रश्न याच अडचणीबद्दल आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित जोडपं घेतलं आहे. नवरा चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर, बायको पिंपरीतल्या शाळेत शिक्षिका, सहा वर्षांची मुलगी आणि सोबत सासूबाई.

आरोप न करता मागायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

चार गोष्टी सांगायच्या: काय घडलं, तेव्हा मला काय झालं, मला कशाची गरज आहे आणि तू काय करावंस अशी माझी विनंती आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) यांनी अहिंसक संवादाची जी पद्धत शिकवली, तिचे हे चार भाग. आपल्या शिक्षिकेच्या तोंडी ते असे येतील:

"काल तू घरी आल्यापासून झोपेपर्यंत आपण जेवण आणि उद्याचा डबा सोडून काहीच बोललो नाही. मला फार एकटं वाटलं. दिवसभरातलं काहीतरी तुला सांगावं, तुझं ऐकावं, एवढी सोबत मला हवी असते. आज पिल्लू झोपल्यावर दहा मिनिटं गॅलरीत बसशील माझ्याबरोबर?"

हेच तिने आधी अनेकदा वेगळ्या शब्दांत सांगितलेलं असतं: "तुला माझ्याशी बोलायला कधीच वेळ नसतो. फोन असला की झालं." दोन्हींमागचं दुःख एकच आहे. पण दुसऱ्या वाक्यात ती स्वतः कुठेच नाही. तिला एकटं वाटतं हे त्यात नाही, तिला काय हवंय हेही नाही. आहे तो फक्त नवरा कसा आहे याचा निकाल.

पण ते खरंच आहे. खरं बोलायचं नाही का?

खरं जरूर बोलायचं. अडचण अशी की "कधीच वेळ नसतो" हे वाक्य एका उदाहरणात खोटं पाडता येतं. "मग रविवारी कोण घेऊन गेलं होतं सगळ्यांना बाहेर?" असं तो विचारणार आणि पुढचा अर्धा तास त्या रविवारवर जाणार. कोण कुठे गेलं होतं, किती वाजता परतलो, तिथेही तू फोनवरच होतास, माझ्या आईचा फोन होता. तिचा एकटेपणा या सगळ्यात एकदाही चर्चेला येत नाही. दोघंही थकून झोपतात आणि तिच्या मनात पक्कं होतं की याला सांगून उपयोग नाही.

तोही इथे वाईट माणूस म्हणून वागत नसतो. स्वतःवर ठपका आला की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो आणि बचाव करणाऱ्याला समोरच्याचं दुखणं ऐकू येत नाही.

सुरुवात कशी होते याला किती वजन असतं, यावर एक अभ्यास आहे. सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी अमेरिकेतल्या १२४ नवविवाहित जोडप्यांच्या पंधरा मिनिटांच्या वादाचं चित्रीकरण तपासलं आणि त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या सहा वर्षांत जी जोडपी विभक्त झाली आणि जी टिकली, त्यांच्यातला फरक वादाच्या पहिल्या तीन मिनिटांतच दिसत होता. अभ्यास तिथल्या जोडप्यांचा आहे, आपल्याकडचं लग्न अनेक वेगळ्या कारणांनीही टिकतं किंवा मोडतं. तरी बोलण्याची सुरुवात कडवट झाली की शेवट गोड होणं अवघड, हा अनुभव आपल्यालाही परका नाही.

"मला वाटतं की तू माझ्याकडे दुर्लक्ष करतोस" म्हटलं, तर ती भावनाच झाली ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. मराठीत आपण मतही "वाटतं"नेच सांगतो आणि भावनाही "वाटतं"नेच. "वाटतं"च्या पुढे "की तू" आलं, की समजावं, ते त्याच्याबद्दलचं मत आहे. "मला एकटं वाटतं", "मला भीती वाटते", "मला वाईट वाटलं" या भावना. "मला वाटतं की तू बदललायस" हा आरोपच, फक्त आवाज खाली आणून केलेला.

काही शब्द दिसायला भावनेसारखे असतात, पण आत दुसऱ्याचं कृत्य लपलेलं असतं: डावलल्यासारखं, गृहीत धरल्यासारखं, वापरून घेतल्यासारखं. डावलायला डावलणारा लागतो. म्हणून हे शब्द ऐकताच समोरचा म्हणतो, "मी कधी डावललं तुला?" हे शब्द मनात आले तर ते खोटे आहेत असं नाही. स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायचा: डावलल्यासारखं वाटतं, तेव्हा मला आत काय होतं? उत्तर बहुधा "वाईट वाटतं", "एकटं पडल्यासारखं होतं" किंवा "भीती वाटते की त्याला आता माझी ओढ राहिली नाही" असं येतं. ते बोलावं.

मला फक्त राग येतो. बाकी काही सापडतच नाही.

राग खरा असतो, पण तो बहुतेक वेळा उशिरा आलेला असतो. त्याच्या आधी काय झालं ते आठवून बघा.

आपल्या शिक्षिकेची मंगळवारची संध्याकाळ घेऊ. तिच्या वर्गातला एक मुलगा, जो जून महिन्यात अक्षरांवर अडखळत होता, त्याने त्या दिवशी अख्खा धडा एकट्याने वाचून दाखवला. दुपारपासून तिला ते नवऱ्याला सांगायचं होतं. साडेआठला तो मोशी-भोसरीच्या ट्रॅफिकमधून घरी आला, बूट काढले, सोफ्यावर बसला. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायला लागली. त्याने मान वर न करता, मोबाइलवर बोट फिरवत "हं" म्हटलं. ती वाक्य अर्धवट सोडून आत गेली. त्या क्षणी तिला राग आलेला नव्हता, तिचा हिरमोड झाला होता. कुकरचं झाकण काढताना घशात काहीतरी दाटल्यासारखं झालं. राग आला पंधरा मिनिटांनी, ताटं मांडताना, आणि तो ताटांच्या आवाजातून बाहेर पडला. नवऱ्याला फक्त तो आवाज ऐकू आला.

तिला जर त्या हिरमोडापर्यंत परत जाता आलं, तर सांगण्यासारखं काहीतरी हाती लागतं. शब्दांची आपल्याकडे कमतरता नाही: हिरमुसणं, खट्टू होणं, रुखरुख लागणं, हुरहूर, घालमेल, जीव कासावीस होणं, पोरकं वाटणं, परकं वाटणं, कानकोंडं होणं, उबग येणं, धसका बसणं. यातले बरेच शब्द आपण आजीच्या तोंडी ऐकले आणि मग "टेन्शन आलं", "मूड गेला", "बोअर झालं" यांवर भागवायला लागलो. "मूड गेला" म्हटल्यावर समोरच्याला काही कळत नाही. "मी इतक्या हौसेने सांगायला आले आणि खट्टू झाले" म्हटलं की चित्र उभं राहतं.

तरीही शब्द सुचत नसेल, तर शरीरात काय होतं तेवढं सांगितलं तरी चालतं. "घसा दाटून येतो", "छातीवर दडपण येतं" हेही पुरेसं आहे.

गरज आणि विनंती यांत फरक काय? दोन्ही एकच तर आहे.

गरज कुठल्याही एका माणसाला किंवा वेळेला बांधलेली नसते. सोबत, आपलेपणा, कुणीतरी ऐकून घेणं, कौतुक, स्पर्श, आपण याच्यासाठी महत्त्वाचे आहोत याची खात्री या गरजा आहेत. "तू रोज रात्री नऊला माझ्याशी बोलावंस" ही गरज नव्हे, गरज भागवण्याचा तो एक मार्ग आहे. वाक्यात "तू" आणि घड्याळ आलं, की ते विनंतीच्या बाजूचं आहे असं समजावं.

हा फरक का करायचा? कारण मार्गावर अडून बसलं की तो मार्ग बंद असला तर सगळंच बंद होतं. नऊ वाजता त्याला कारखान्याचे फोन येतात, म्हणजे झालं, माझ्यासाठी वेळ नाही. पण गरज "दिवसातलं काहीतरी एकमेकांपर्यंत पोचावं" अशी सांगितली, तर तोही मार्ग सुचवू शकतो. आणि त्याने सुचवलेला मार्ग तो पाळण्याची शक्यता जास्त, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

विनंती कशी असावी? "जरा माझ्याकडे लक्ष दे" सांगून थकले.

"लक्ष दे" म्हटल्यावर त्याने नेमकं काय करायचं हे त्याला खरोखरच कळत नाही. तो दोन दिवस "जेवलीस का?" विचारतो, त्याच्या मते लक्ष दिलेलं असतं आणि तुमच्या मते काहीच घडलेलं नसतं.

विनंती डोळ्यांना दिसेल अशी हवी. कोणी तिसऱ्याने पाहिलं तर घडली की नाही हे सांगता आलं पाहिजे. "मी बोलत असताना फोन टेबलावर ठेवशील?" ही दिसते. "मला समजून घे" ही दिसत नाही.

काय नको यापेक्षा काय हवं ते मागावं. "फोन बघू नकोस" म्हटलं तर तो फोन ठेवून टीव्ही लावेल आणि तुमची विनंती अक्षरशः पाळली जाईल.

आणि ती लहान असू द्या. "आपलं नातं पहिल्यासारखं व्हायला हवं" याला कोणी हो म्हणाला तरी उद्या सकाळी काय करायचं? दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, हे जमण्यासारखं आहे.

एक विनंती अनेकांना सुचतच नाही: ऐकण्याची पद्धत मागणं. "मला उपाय नकोय, फक्त ऐक आणि मग सांग तुला काय कळलं." बायको शाळेतल्या मुख्याध्यापिकेबद्दल सांगू लागली की नवरा तिसऱ्या वाक्याला तोडगा देतो, कारण कारखान्यात दिवसभर तो तेच करतो. तिला तोडगा नको असतो. पण हे आधी सांगितलं नाही तर त्याला ते कसं कळावं?

प्रत्यक्ष बोलणं कसं होतं ते दाखवाल का?

त्याच आठवड्यातली शनिवारची सकाळ. सासूबाई देवळात गेल्या आहेत, मुलगी अजून झोपली आहे.

ती: "ऐक ना, थोडं बोलायचंय तुझ्याशी. भांडायचं नाहीये. आत्ता चालेल की चहा झाल्यावर?"

तो: "बोल ना. काय झालं?"

ती: "मंगळवारी तू आलास तेव्हा मी तुला वर्गातल्या त्या मुलाचं सांगायला लागले होते. तू मेसेज बघत 'हं' म्हणालास आणि मी थांबले. नंतरचे दोन दिवसही आपलं डब्याचं आणि लाइट बिलाचंच बोलणं झालं."

तो: "अगं, त्या दिवशी लाइन बंद पडली होती. वरून सारखे मेसेज येत होते. मी काय मुद्दाम करतो का?"

सगळं बोलणं याच वाक्यावर फिरतं. तिने चांगली सुरुवात केली तरी त्याला आरोप ऐकू आला, कारण गेली काही वर्षं त्याने तेच ऐकलं आहे. इथे "तुझं नेहमी काही ना काही असतंच" तोंडावर येतं. ते गिळून तिने त्याची बाजू आधी मान्य केली.

ती: "मुद्दाम नाही करत, माहितीये मला. लाइन बंद पडली की तुझ्या डोक्याला किती ताप असतो तेही दिसतं. दोष द्यायला नाही बसले मी. त्या दिवशी मी खट्टू झाले आणि रात्री फार एकटं वाटलं, ते तुला सांगायचंय."

तो थोडा वेळ गप्प राहिला. तिनेही मध्ये काही भरलं नाही.

तो: "मग मी काय करू? आल्याआल्या माझं डोकंच चालत नाही."

ती: "माझ्या दिवसातलं काहीतरी तुझ्यापर्यंत पोचावं आणि तुझं माझ्यापर्यंत, एवढं हवंय. पिल्लू झोपल्यावर दहा मिनिटं, फोन आत ठेवून, जमेल? रोज नाही, आठवड्यातून तीनदा."

तो: "रात्री मला झोप येते गं. सकाळी? तू डबे भरतेस तेव्हा मी उठलेलोच असतो."

ती: "सकाळी माझंच लक्ष नसतं रे. मग शनिवार-रविवार सकाळचा चहा गॅलरीत दोघांनीच? आणि मध्ये बुधवारी रात्री एकदा."

तो: "हे जमेल. पण लाइनचा फोन आला तर उचलावा लागेल."

ती: "उचल. झाला की परत येऊन बस."

यात तिला मागितलेलं सगळं मिळालं नाही. पण ठरलं ते दोघांनी ठरवलं आणि त्यात त्याचीही अडचण धरलेली आहे. तिने एका वेळी एकच विषय काढला, हेही महत्त्वाचं. सासूबाई, दिवाळीला माहेरी जाणं, मुलीचा अभ्यास हे सगळं जिभेवर असूनही बाजूला ठेवलं.

कधी बोलावं?

दारात बूट काढताना नाही, भूक लागलेली असताना नाही, मुलांसमोर नाही आणि भांडण चालू असताना तर नाहीच. आवाज चढले, छाती धडधडायला लागली, की शरीर लढाईच्या तयारीत असतं. तेव्हा उत्तम बांधलेलं वाक्यही आत शिरत नाही. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत मनात भांडणाची उजळणी केली तर ती फुकट जातात. "मी थोडी फिरून येते, मग बोलू" असं सांगून उठावं. न सांगता उठून गेलं तर ती वेगळीच जखम होते.

व्हॉट्सॲपवर "बोलायचंय, वेळ दे" एवढं ठीक. भावना आणि गरज मेसेजमध्ये लिहू नये. आवाज नसला की वाचणारा आपल्या मनातला आवाज त्यात घालतो.

विनंती केली आणि तो "नाही" म्हणाला तर?

"नाही" ऐकल्यावर तुम्ही चिडलात, अबोला धरलात किंवा "मला माहीतच होतं" म्हणालात, तर ती विनंती नव्हती, हुकूम होता, असं समोरच्याच्या लक्षात येतं. पुढच्या वेळी तुम्ही कितीही गोड बोललात तरी तो सावध असतो.

म्हणून नकाराला उत्तर प्रश्नाने द्यावं: "बरं, तुला नेमकं काय अवघड जातंय?" त्याच्या नकारामागेही त्याची गरज असते. विश्रांतीची, शांततेची, कधी "घरी आल्यावर तरी कुणी काही मागू नये" अशीही. ती कळली की दुसरा मार्ग दिसू लागतो.

सतत, प्रत्येक मार्गाला, कारण न सांगता नकारच येत असेल, तर ते वाक्यरचनेने सुटणारं दुखणं नाही. ते वेगळं आहे आणि त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

असं बोलले की तो म्हणतो, "हे काय पुस्तकी बोलतेस?"

सुरुवातीला ते पुस्तकी वाटतंच, कारण चारही भाग क्रमाने म्हटले जातात. क्रम पाळायची सक्ती नाही आणि चारही भाग दर वेळी लागत नाहीत. "आज फार एकटं एकटं झालंय रे, जरा बस ना शेजारी" यात भावना आहे, विनंती आहे, गरज न सांगता कळते. तुम्ही घरात मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीत बोलत असाल तर तीच बोली ठेवा. प्रमाण मराठीत "माझी भावनिक गरज अशी आहे" म्हटलं तर घरचं माणूस बिचकणारच.

खरी तयारी बोलायच्या आधीची आहे: काय घडलं, मला काय झालं, मला काय हवंय, हे स्वतःशी स्पष्ट करणं. हे कागदावर लिहून काढलं तरी चालेल. ते झालं की तोंडून शब्द आपल्या नेहमीच्या बोलीत येतात.

मागून मिळालेल्या लक्षाला काय अर्थ? त्याला स्वतःला कळायला नको?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं दुखणं मला खरंच कळतं. न सांगता ओळखलं जावं ही इच्छा खोल असते, आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत तसं घडलेलंही असतं. तेव्हा दोघं एकमेकांकडे सतत बघत असतात, म्हणून ओळखता येतं. पुढे नोकरी, मूल, कर्ज, आजारपणं येतात आणि बघणंच कमी होतं.

आपल्याकडे मुलींना न मागता राहायला शिकवलं जातं आणि मुलांना घरातल्या बाईचा चेहरा वाचायला शिकवलंच जात नाही. आई त्याचा चेहरा वाचत आली, त्याने कुणाचा वाचण्याची वेळच आली नाही. अशा माणसाने ओळखावं म्हणून वाट बघत राहिलं, तर वर्षं जातात. सांगितल्यावर तो उठून शेजारी येऊन बसला, तर ते बसणं त्याचंच असतं. तो नाही म्हणू शकत होता.

मी पुरुष आहे. मी असं काही मागितलं तर घरात विचित्र वाटेल.

पुरुषांचं मागणं बरेचदा चिडचिडीतून किंवा अबोल्यातून बाहेर येतं, कारण "मला तुझी सोबत हवी" हे वाक्य त्यांनी मोठ्या माणसाच्या तोंडी कधी ऐकलेलंच नसतं. बाळ झाल्यानंतरच्या वर्षात हे फार दिसतं. "तुझं सगळं लक्ष बाळाकडेच" म्हटलं की दिवसरात्र जागणाऱ्या बाईला ते अन्यायाचं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी: "बाळ झाल्यापासून आपण दोघं असे बसलोच नाही. मला तुझी आठवण येते, तू घरात असूनही. रविवारी दुपारी आई बाळाला घेईल तेव्हा अर्धा तास नुसते पडून गप्पा मारू?" यासोबत रात्रीचं एक उठणं स्वतःकडे घेतलं तर उत्तमच. थकलेल्या माणसाकडे देण्यासाठी काही उरलेलं असावं लागतं.

मी बोलायला लागले की तो गप्प होतो किंवा उठून जातो.

एक मागे लागतो आणि दुसरा मागे सरकतो, ही जोड फार घरांत असते. ती जितकी जोरात विचारते तितका तो आत जातो, तो जितका आत जातो तितकी ती जोरात विचारते. दोघांनाही सुरुवात समोरच्याने केली असं वाटतं.

गप्प बसणारा बहुधा बेफिकीर नसतो. काही बोललं तरी चुकेल, या भीतीने त्याचं तोंड बंद होतं. त्याला वेळेची मर्यादा सांगितली तर मदत होते: "दहाच मिनिटं, मग मी विषय बंद करेन." आणि खरंच बंद करावा. समोरासमोर बसण्यापेक्षा चालताना किंवा भाजी निवडताना, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा, अशी माणसं जास्त बोलतात.

घरात दोन खोल्या, सासू-सासरे, मुलं. बोलायला जागाच नाही.

मग विनंतीच जागेची करा. रात्री जेवणानंतर सोसायटीत दोन चकरा, भाजी आणायला दोघांनी जाणं, स्कूटरवरून येताना दहा मिनिटं कुठेतरी थांबणं. घरच्यांना "आम्ही जरा फिरून येतो" एवढं पुरतं, आणि ते नवऱ्याने सांगितलं तर सोपं जातं.

नवरा जहाजावर किंवा आखातात आहे. वर्षातले कित्येक महिने फोनवरच.

कोकणात आणि गोव्यात अशी पुष्कळ घरं आहेत. तिथे "फोन करत नाहीस" हा आरोप आणि "नेटवर्क नसतं" हे उत्तर, यावरच बोलणं संपतं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. आपल्या रात्री साडेदहाला त्याचे नऊ वाजलेले असतात, म्हणजे वेळ ठरवता येते. जहाजावर तेही नसतं. तिथे त्याला सोय होईल तेव्हा ऐकायला आणि उत्तर द्यायला दोन-तीन मिनिटांचे आवाजी संदेश बरे पडतात. मेसेजमध्ये भावना लिहू नका असं वर म्हटलं, पण आवाजी संदेशात तुमचा आवाज असतो. विनंती अशी: "बंदराला लागलास की आधी पैशांचं आणि घराच्या कामाचं नको, पहिली पाच मिनिटं तुझं कसं चाललंय ते सांग."

चार दिवस ठीक चालतं, मग ये रे माझ्या मागल्या.

बहुतेक घरांत असंच होतं आणि त्यात दर वेळी फसवणूक नसते. जुनी सवय परत येते. इथे दोन गोष्टी कामी येतात. पहिली म्हणजे तो बसला तेव्हा तुम्हाला काय झालं ते सांगणं: "आज तू फोन आत ठेवून ऐकलंस, मला फार हलकं वाटलं." नुसतं "थँक्यू" पुरेसं नाही, त्याने नेमकं काय केलं आणि त्याचं तुम्हाला काय झालं हे कळू द्या. बहुतेक घरांत चुकल्याचं लगेच सांगितलं जातं, जमल्याचं कोणी सांगत नाही.

दुसरी म्हणजे, चुकलं तेव्हा जुनं सगळं बाहेर न काढता तेवढंच बोलणं: "या बुधवारी आपलं राहून गेलं. मला रुखरुख लागली. वेळ बदलायची का?" कदाचित बुधवार चुकीचाच निवडला असेल.

महिना-दीड महिना असं करूनही काहीच हलत नसेल, तर दोघांनी मिळून जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जावं. तो यायला तयार नसेल तर एकटीने गेलं तरी चालतं.

हे कधी वापरू नये?

मारहाण, धमक्या, पैसे अडकवून ठेवणं, माहेरी बोलू न देणं, सतत पाळत, यांपैकी काही असेल, तर आपलं दुखरं ठिकाण समोरच्याला दाखवू नये. ते पुढे तुमच्याविरुद्धच वापरलं जातं. अशा घरात गोड शब्दांत मागण्याची जबाबदारी तुमची नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच मानतो. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे आणि तातडीचा धोका असेल तर ११२.

दुसरा प्रसंग वेगळा. जोडीदार फक्त तुमच्याशीच नाही, तर मित्रांशी, मुलांशी, आवडत्या गोष्टींशीही तुटला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. बाळंतपणानंतरच्या बाईच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावं. तिथे लक्ष मागण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, आणि घरच्या माणसानेही तिथे फोन करून विचारायला हरकत नाही.